‘आईला सांगू नकोस’

या प्रकरणातलं कुटुंब मी रचलेलं आहे. त्यातले टप्पे मात्र वकिलांना, समुपदेशकांना आणि पोलीस ठाण्यातल्या फौजदारांना इतके ओळखीचे आहेत, की पहिले दोन मेसेज वाचून तिसरा काय असेल ते ते सांगू शकतात.

मुलगी दहावीत आहे. गणिताच्या खासगी क्लासला जाते. जून महिन्यात क्लासचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला, त्यात सरांनी गृहपाठ टाकायला सुरुवात केली. जुलैत त्यांनी तिला वेगळा मेसेज केला, ‘तुझं प्रमेय चुकलंय, ग्रुपवर सांगितलं नाही, तुला वाईट वाटलं असतं.’ ऑगस्टमध्ये ‘बाकीच्यांपेक्षा तू समजूतदार आहेस’ असं आलं आणि त्यापाठोपाठ घरातल्या गोष्टी विचारणं सुरू झालं. आईबाबांचं पटतं का, तू कोणाशी बोलतेस, रात्री फोन तुझ्याकडेच असतो का. सप्टेंबरात वेळ सरकली आणि मेसेज रात्री अकरानंतर येऊ लागले. ‘झोपलीस का?’ ‘आज त्या निळ्या ड्रेसमध्ये वेगळीच दिसत होतीस.’ ‘एक फोटो पाठव ना, आत्ताचा.’ तिने विषय बदलला, तेव्हा लगेच उत्तर आलं: ‘आईला सांगू नकोस, लोक उगाच वेडावाकडा अर्थ काढतात. हे वाचून डिलीट कर.’

यातला एकेक मेसेज सुटा काढून दाखवला तर सर म्हणतील, मुलीची विचारपूस केली, त्यात काय बिघडलं? ओळीने ठेवले की अर्थ बदलतो. आधी तिला इतरांपासून वेगळं काढलं, मग घरातल्या कच्च्या जागा चाचपल्या, मग वेळ रात्रीची केली, शरीराचा विषय आणला आणि शेवटी गुप्ततेची अट घातली. शिक्षक विद्यार्थिनीला ‘हे डिलीट कर’ असं सांगतो, तेव्हा त्यालाही त्या मेसेजचा अर्थ कळलेला असतो. म्हणून सगळ्यांत जास्त जपायची ओळ हीच. सगळ्यांत आधी नाहीशी होते तीही हीच, कारण मुलीने सरांचं ऐकलेलं असतं.

रविवारी रात्री फोन चार्जिंगला लावताना आईला हे दिसतं. पुढच्या तासाभरात घरात जे होतं, त्यावर पुढचं बरंचसं ठरतं.

आईचा हात पहिल्यांदा उत्तर लिहायला जातो. बाबांचा सरांना फोन लावायला जातो. मामाला कळलं तर तो गाडी काढतो. हा संताप अगदी रास्त आहे, तरी त्या रात्री यातलं काहीही करू नये, असं मी ठामपणे म्हणते. कारण भावनेचं नाही, यंत्राचं आहे. सरांना सुगावा लागला की त्यांच्या हातात त्यांचा फोन असतो, आणि मुलीच्या फोनमधल्या काही गोष्टी ते तिथे बसून पुसू शकतात.

किती पुसू शकतात, हे माध्यमावर ठरतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणाऱ्याला आपला मेसेज दोन्हीकडून काढायला सुमारे अडीच दिवस मिळतात. तेवढ्या वेळात काढला तर मुलीच्या फोनमध्ये ‘This message was deleted’ एवढीच ओळ उरते. म्हणजे शुक्रवार-शनिवारचे मेसेज धोक्यात असतात, पण जुलै-ऑगस्टचे सरांना आता हलवता येत नाहीत. ते नष्ट झालेच तर आपल्याच हाताने होतात. इन्स्टाग्रामवर अशी मुदत नाही, तिथे मागे घेतलेला मेसेज खूणसुद्धा न ठेवता जातो. टेलिग्रामवर तर समोरचा माणूस अख्खं संभाषण दोन्ही बाजूंनी पुसू शकतो. संभाषण या दोन ठिकाणचं असेल तर एक फोन सरांपर्यंत जाण्याआधी पुरावा टिपून ठेवायलाच हवा.

म्हणून पहिली कृती साधी आहे. फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा आणि वाय-फाय बंद आहे ना, तेही बघायचं, म्हणजे बाहेरून पुसण्याची आज्ञा आत पोहोचत नाही. एक अडचण उरते. सरांनी मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू केली असेल, तर ते घड्याळ फोनच्या आत चालतं आणि एअरप्लेन मोडने थांबत नाही. ती मुदत चोवीस तास, सात दिवस किंवा नव्वद दिवस अशी असते. ती कोणी चालू केली, याची एक छोटी करडी ओळ व्हॉट्सअ‍ॅप त्या संभाषणात नावासकट दाखवतं. ती ओळ सापडली तर तिचा फोटो आधी घ्या. गणिताच्या शिक्षकाला गृहपाठाच्या बोलण्याला चोवीस तासांचं आयुष्य का द्यावंसं वाटलं, हा प्रश्न पुढे कोणीतरी विचारणारच असतो.

नाहीसा होणारा मेसेज ‘Keep’ दाबून राखता येतो. पण तो राखल्याचं पाठवणाऱ्याला दिसतं आणि त्याला तो निर्णय फिरवताही येतो. त्यामुळे त्या बटणाकडे न जाता दुसरा फोन घ्यावा.

दुसऱ्या फोनने व्हिडिओ काढायचा. बाबांचा फोन हातात धरून मुलीच्या फोनच्या पडद्यावर कॅमेरा रोखायचा. सुरुवात संभाषणातून न करता फोनच्या होम स्क्रीनवरून करायची: अ‍ॅप उघडलं, यादीत सरांचं नाव दिसलं, नावावर बोट ठेवलं, नंबर दिसला, मागे येऊन संभाषण उघडलं, अगदी वर जुलैपर्यंत गेलो, तिथून सावकाश खाली आलो. एकसलग, मध्ये न थांबवता. वीस मिनिटं लागली तर लागू द्या. नंबर दाखवणं महत्त्वाचं, कारण संभाषणात वर फक्त ‘मॅथ्स सर’ असं लिहिलेलं असतं, आणि तसं नाव कोणीही कोणत्याही नंबराला देऊ शकतं, असा बचाव ठरलेला आहे. इन्स्टाग्रामवर ठळक दिसणाऱ्या नावाऐवजी वापरकर्ता-नाव टिपायचं, कारण वरचं नाव सहज बदलता येतं.

त्यानंतर स्क्रीनशॉट. इथे एक बारीक चूक हमखास होते. मेसेजच्या वर तारखेच्या जागी ‘Today’ किंवा ‘Yesterday’ असं येतं, आणि तसाच घेतलेला स्क्रीनशॉट सहा महिन्यांनी न्यायालयात कोणत्या ‘आज’चा आहे, ते कोणाला सांगता येत नाही. म्हणून कालचे-आजचे मेसेज काही दिवसांनी, खरी तारीख उमटू लागल्यावर, पुन्हा एकदा टिपायचे. प्रत्येक चित्रात मागच्या चित्रातली शेवटची ओळ यायला हवी, म्हणजे मधलं काही गाळलं नाही, हे दिसतं. कापायचं नाही, लाल गोल काढायचे नाहीत, मुलीचं नाव झाकायचं नाही. झाकाझाक नंतरच्या प्रतींवर करता येते. मूळ आहे तसंच राहू द्यावं.

व्हॉट्सअ‍ॅपमधून संपूर्ण संभाषण मजकुराच्या फाइलमध्ये काढण्याची सोय आहे, ‘Export chat’ या नावाची. घरातल्यांना तारखा शोधायला ती उपयोगी पडते. पण ती साधी मजकुराची फाइल असते, कोणालाही उघडून बदलता येते, शिवाय त्यात नंबराऐवजी आपण साठवलेलं नाव येतं. समोरच्याने गोपनीयतेची जास्तीची सोय चालू केली असेल तर ती निघतही नाही. तेव्हा तिला वाचायची प्रत समजावं, पुरावा म्हणून तिच्यावर विसंबू नये.

पुरावा म्हणजे मूळ फोन. यामागे आपल्याकडचाच एक निकाल आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातल्या व्हिडिओ चित्रीकरणाच्या प्रती पुरावा म्हणून कशा स्वीकारायच्या, हा त्यातला एक मुद्दा होता. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने जे सांगितलं, ते देशभरच्या खटल्यांना लागू झालं: मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीला उभं राहून दाखवलं तर वेगळं प्रमाणपत्र लागत नाही, पण त्यातून काढलेली प्रत द्यायची असेल तर प्रमाणपत्र हवंच. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हे प्रमाणपत्र कलम ६३ खाली येतं आणि त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग ज्याच्या ताब्यात ते उपकरण आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात ‘हॅश’ नावाचा एक लांबलचक आकडा लिहावा लागतो. फाइलच्या अंगठ्याच्या ठशासारखा तो असतो. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी आकडा पार बदलतो. आईने हा आकडा स्वतः काढत बसायची गरज नाही. मुलीचा फोन विकायचा नाही, रीसेट करायचा नाही, सिम बदलायचं नाही आणि अ‍ॅप काढून पुन्हा टाकायचं नाही, एवढं तिने सांभाळलं तरी पुष्कळ झालं. कित्येक घरांत ‘हा फोनच नको’ म्हणून तो दुसऱ्या दिवशी दुकानात देऊन टाकतात. त्या फोनबरोबर सगळं जातं.

सरांच्या फोनमधून किंवा कंपनीकडून पोलीस नंतर मिळवतीलच की, असं अनेकांना वाटतं. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज दोन टोकांच्या फोनवरच वाचता येतात, मधली कंपनी मजकूर देऊ शकत नाही. नंबर कोणाचा, खातं कधीचं, अशी माहिती मिळू शकते. सरांनी आपला फोन साफ केला तर शब्द उरतात ते फक्त मुलीच्या फोनमध्ये.

‘Report’ आणि ‘Block’ या बटणांबद्दलही हे लक्षात ठेवायला हवं. रिपोर्ट केलं की त्या माणसाचे शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात, पोलिसांकडे नाही. आणि त्याच चौकटीत, ब्लॉक करताना संभाषणही पुसायचं का, असा पर्याय येतो. घाईत तो निवडलेला राहिला, तर आपणच सगळं पुसून मोकळे होतो. ब्लॉक जरूर करा, पण टिपून झाल्यावर, आणि ती चौकट नीट वाचून.

आता अवघड भाग. व्हिडिओ काढताना मुलीची स्वतःची उत्तरंही दिसतात. कुठे हसरा चेहरा असतो, कुठे लाल बदाम, कुठे ‘सॉरी सर, आई होती म्हणून रिप्लाय नाही केला’. इथे आईच्या पोटात गोळा येतो आणि तेवढेच मेसेज पुसून टाकावेत, असं तिला वाटतं. पुसू नका. अठरा वर्षांखालच्या मुलाची किंवा मुलीची संमती बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण कायद्यात, म्हणजे २०१२ च्या ‘पॉक्सो’त, विचारात घेतलीच जात नाही. तिने बदाम पाठवला म्हणून सरांचा अपराध हलका होत नाही. मधले मेसेज गायब आहेत, हे मात्र सरांच्या वकिलाच्या पहिल्याच प्रश्नात बाहेर येतं आणि मग खऱ्या मेसेजांवरही संशय पडतो. मुलीला त्याच रात्री एवढं सांगावं, ‘तू काय लिहिलंस त्यावर आम्ही रागावणार नाही, पण काहीही पुसू नकोस.’ तिने आधी पुसलं असेल तर तेही लिहून ठेवायचं, कोणाच्या सांगण्यावरून पुसलं ते धरून.

आईने एक वही करावी. तीत मुलीने आपणहून जे सांगितलं, ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून एकदाच लिहायचं. तिला आजी, काकू, मावशी, मुख्याध्यापिका अशा सगळ्यांपुढे बसवून पुन्हा पुन्हा विचारायचं नाही. प्रत्येक वेळी सांगताना शब्द थोडे बदलतात, नंतर तेच फरक विसंगती म्हणून मांडले जातात, आणि मुलगी प्रत्येक वेळी नव्याने सोलवटते. सरांनी स्पर्श केला का, एकटीला थांबवून घेतलं का, हे हळूच एकदा विचारावं. उत्तर हो असेल तर प्रकरण मेसेजांपुरतं राहत नाही, कलमं बदलतात, वैद्यकीय तपासणीचा प्रश्न येतो आणि मग सकाळची वाट न पाहता त्याच रात्री ११२ किंवा १०९८ या नंबरावर फोन करावा.

आणि मुलीच्या नावाने आपणच सरांशी बोलत राहून त्यांना ‘पकडण्याचा’ मोह टाळावा. भाऊ, मामा किंवा ओळखीचा कोणी हा डाव हटकून सुचवतो. त्या क्षणापासून संभाषणातली मुलगी खरी राहत नाही, आणि आधीच्या खऱ्या महिन्यांवरही ‘तुम्हीच चिथावलंत’ असं म्हणायला वाट मिळते.

फोटोंचा मामला निराळा. सरांनी मागितल्यामुळे मुलीने तिचा उघडा फोटो पाठवला असेल, किंवा सरांनी तसलं काही तिला पाठवलं असेल, तर ते चित्र पुरावा आहे आणि धोकाही आहे. असं साहित्य पाहणं आणि साठवणं याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात फार कडक भूमिका घेतली. म्हणून ते कोणालाही फॉरवर्ड करायचं नाही, वकिलालाही नाही, स्वतःच्या ई-मेलवरही नाही. त्याचा दुसऱ्या फोनने व्हिडिओ काढायचा नाही. मुलीच्या फोनमध्ये आहे तिथेच राहू द्यायचं, फोन बंद करायचा आणि विलंब न लावता पोलिसांच्या ताब्यात द्यायचा. ते चित्र कोणकोणत्या तारखेच्या मेसेजांच्या मध्ये आहे, एवढं वहीत लिहिलं की झालं.

सोमवारी सकाळी कुठे जायचं?

शिक्षक शाळेतले असते, तर मुख्याध्यापकांना लेखी तक्रार देऊन तिच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेता आली असती. राज्य सरकारने मार्च २०२२ मध्ये शाळाशाळांतून सखी सावित्री समिती नेमण्याचा निर्णय काढला, ती समितीही असायला हवी. पण शाळेकडे जाणं म्हणजे पोलिसांकडे जाणं नव्हे, आणि इथेच पालकांची फसगत होते. मुख्याध्यापक म्हणतात, आम्ही अंतर्गत चौकशी करतो, तोवर शाळेचं नाव बाहेर काढू नका. पॉक्सोच्या कलम १९ नुसार अशा अपराधाची माहिती ज्याला मिळाली त्याने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे, आणि कलम २१ नुसार न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होतो. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या एका वसतिगृहातल्या मुलींच्या प्रकरणात न कळवल्याबद्दलचा आरोप उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो पुन्हा उभा केला आणि माहिती दडवणं हा गंभीर अपराध असल्याचं बजावलं. चौकशी समिती बसवली म्हणून ही जबाबदारी संपत नाही. बदली केली, राजीनामा घेतला, म्हणूनही नाही. राजीनामा घेतलेला शिक्षक पुढच्या तालुक्यात जाऊन शिकवू लागतो.

आपल्या गोष्टीतले सर खासगी क्लासचे आहेत. त्यांच्यावर मुख्याध्यापक नाहीत, शिक्षणाधिकारी नाहीत. क्लासच्या मालकाला कळवायचं तर तोच सर. तेव्हा रस्ता सरळ पोलीस ठाण्याचा.

ठाणे अंमलदारापुढे बसल्यावर बहुधा तीन वाक्यं ऐकू येतात. पहिलं, ‘नुसते मेसेजच आहेत ना?’ पॉक्सोच्या कलम ११ मध्ये लैंगिक हेतूने मुलाशी वारंवार प्रत्यक्ष किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून संपर्क साधणं, हा लैंगिक छळ म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे. कलम १२ मध्ये त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ ब आणखी कडक आहे. मुलांना ऑनलाइन नात्यात ओढणं, भुलवणं, हे त्यात येतं आणि पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. दुसरं वाक्य, ‘ही आमची हद्द नाही.’ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडला तरी कोणत्याही ठाण्यात नोंदवून घ्यावा लागतो आणि नंतर तो योग्य ठाण्याकडे जातो. हाच तो शून्य क्रमांकाचा गुन्हा. तिसरं वाक्य सगळ्यांत सौम्य आणि सगळ्यांत घातक असतं: ‘एक अर्ज देऊन ठेवा, आम्ही बोलावून समज देतो.’ अर्ज म्हणजे गुन्हा नव्हे. अर्जावर सरांना बोलावलं की ते घरी जाऊन पहिल्यांदा आपला फोन साफ करतात. शांतपणे एवढंच म्हणायचं, ‘आम्हाला फिर्याद द्यायची आहे, गुन्हा रजिस्टर नंबर हवा आहे.’ प्रथम खबरी अहवालाची प्रत फुकट मिळते आणि ती घेऊनच उठायचं. दाद लागली नाही तर तीच माहिती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना डाकेने पाठवायची, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. ठाण्यात जाणं शक्यच नसेल तर cybercrime.gov.in वर मुलांविषयीच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही कळवता येतं. पण नाव नसलेल्या तक्रारीमागे धावणारं कोणी नसतं. जमेल तिथे नावाने द्यावी.

मुलीला ठाण्यात नेण्याची गरज नाही, हे फार थोड्या घरांना माहीत असतं. तिचा जबाब कायद्याने तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल अशा जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता आणि पालकांच्या उपस्थितीत घ्यायचा असतो. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं, आणि समिती मुलीसोबत खटला संपेपर्यंत राहणारी एक मदतनीस व्यक्ती नेमू शकते. हे मागून घ्यावं लागतं.

फोन पोलीस जप्त करतील. देण्याआधी *#06# असं दाबून येणारा पंधरा आकडी क्रमांक वहीत लिहून घ्या. पंचनाम्यात तोच क्रमांक आहे का, ते बघा आणि पंचनाम्याची प्रत मागा. अशी जप्ती होताना तिचं चित्रीकरण करणं नव्या संहितेत पोलिसांना बंधनकारक आहे. फोन न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो आणि महिनोन्‌महिने येत नाही, म्हणून मुलीच्या अभ्यासाच्या नोट्स, प्रवेशपत्रांचे फोटो, बँकेला जोडलेला नंबर यांची सोय आधी करून ठेवावी. दहावीचं वर्ष आहे, ही गोष्ट छोटी नाही.

सरांना लगेच अटक होईल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. शिक्षा सात वर्षांच्या आत असलेल्या गुन्ह्यांत पोलीस बहुधा आधी नोटीस देऊन चौकशीला बोलावतात. त्याच आठवड्यात सर क्लास घेताना दिसू शकतात. घरच्यांचा धीर सुटतो तो इथे. आणि नेमकं याच दिवसांत कोणीतरी मध्यस्थ येतो, गावातला मान्यवर किंवा नात्यातलाच. सर पाया पडायला तयार आहेत, फी परत देतील, क्लास बंद करतील, मुलीच्या लग्नाचा विचार करा. यात ‘मुलीच्या लग्नाचा विचार’ हे तीन शब्द असतात म्हणून सांगते: राजस्थानात एका शिक्षकाविरुद्धच्या पॉक्सो प्रकरणात मुलीच्या वडिलांनी समझोता करून टाकला आणि उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२४ रोजी तो गुन्हा पुन्हा जिवंत केला. असा अपराध दोन घरांमधला खासगी वाद ठरत नाही, म्हणून वडिलांच्या सहीने तो मिटत नाही. मध्यस्थाला हे सांगायला सोपं जातं: मिटवणं आमच्या हातातच नाही.

पालकांच्या ग्रुपवर लिहिण्याची ओढही याच दिवसांत अनावर होते, कारण त्या क्लासला आणखी तीस मुली आहेत. ती काळजी खरी आहे. पण मुलीची ओळख पटेल असं काहीही जाहीर करणं हाही गुन्हा आहे, आणि ‘दहावीच्या संध्याकाळच्या बॅचमधली’ एवढ्याने लहान शहरात ओळख पटते. इतर पालकांपर्यंत पोहोचायचं असेल तर तपास अधिकाऱ्याला बाकीच्या मुलींशी बोलायला लेखी सांगावं. दुसऱ्या एखाद्या मुलीच्या फोनमध्येही ‘बाकीच्यांपेक्षा तू समजूतदार आहेस’ हे वाक्य निघालं, तर ते लाख पोस्टींपेक्षा जास्त बोलतं.

इथे एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगायला हवी. आपल्या गोष्टीतले मेसेज सप्टेंबरऐवजी ऑगस्टमध्येच सापडले असते, तर? ‘तू समजूतदार आहेस’, ‘घरी सगळं ठीक ना?’ एवढ्यावर लैंगिक हेतू सिद्ध होणं कठीण आहे, आणि तो हेतू होता की नाही हे न्यायालय वस्तुस्थिती पाहूनच ठरवतं. म्हणून त्या टप्प्यावर काही करू नये, असं मात्र नाही. मुलीला त्या एकट्या संभाषणातून बाहेर काढायचं, यापुढे अभ्यासाचं बोलणं ग्रुपवर किंवा पालकांच्या नंबरावर व्हावं असं सरांना लेखी कळवायचं, शिक्षक शाळेचे असतील तर मुख्याध्यापकांना तारखांसकट पत्र देऊन पोच घ्यायची, आणि संभाषण जपून ठेवायचं. लेखी कळवल्यानंतरही सरांनी रात्री मेसेज केला, तर त्याच साध्या मेसेजाचं वजन बदलतं. विद्यार्थिनी अठरा पूर्ण झालेली असेल तर पॉक्सो लागत नाही. तिथे महाविद्यालयाची अंतर्गत समिती असते आणि तक्रार साधारणपणे तीन महिन्यांत द्यावी लागते. नकार दिल्यावरही पाठलाग आणि मेसेज चालू राहिले तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे.

गुन्हा नोंदल्यापासून नव्वद दिवसांच्या आत तपास कुठवर आला, हे पोलिसांनी फिर्यादीला कळवायचं असतं. वहीत तो दिवस मोजून लिहून ठेवावा आणि त्या दिवशी विचारायला जावं. फोनसाठी न्यायालयात अर्ज करता येतो. मुद्देमाल परत मिळतो तो सुपूर्तनाम्यावर, म्हणजे हमी लिहून दिल्यावर: खटला संपेपर्यंत फोन विकणार नाही, बदलणार नाही, न्यायालय सांगेल तेव्हा हजर करू. घरी आल्यावर तो मुलीच्या हाती पुन्हा द्यायचा नसतो. बंद करून, पाकिटात घालून, वर पंचनाम्याची तारीख लिहून कपाटात ठेवायचा, वहीशेजारी. मुलीला दुसरा फोन आणि दुसरा नंबर घेऊन द्यावा, आणि तो तिने आधी कोणाला द्यायचा, हे तिचं तिलाच ठरवू द्यावं.